मूल्यभेदाचं गणित सोडवायला बसण्याआधी

‘प्रथम श्रेणीचा मूल्यभेद आणि एकच किंमत यांची तुलना करा, नफा व उपभोक्त्याचे संतोषाधिक्य काढा’ असा प्रश्न दिसला की बहुतेकांचा हात थेट सूत्राकडे जातो. असे पेपर तपासताना मला दिसतं ते असं, की सूत्र पाठ असतं, पण कोणत्या नगासाठी कोण किती पैसे देतंय हे डोळ्यांसमोर नसतं, आणि गुण तिथे जातात. म्हणून तयारीला बसताना सूत्रांची वही बाजूला ठेवा. कोरा कागद, पट्टी, पेन्सिल आणि मनात एक छोटं दुकान, एवढं पुरे.

दुकान असं धरा. तालुक्याच्या गावात शिवलेली नऊवारी करून देणारा एकच टेलर आहे. साडी गिऱ्हाइकाची, शिलाई याची. एका नऊवारीमागे कारागिराला ३५० रुपये मजुरी आणि अस्तर, दोरा, हुक मिळून १०० रुपये, म्हणजे एका नगाचा खर्च ४५० रुपये. पहिली असो की आठवी, खर्च तेवढाच. हाच आपला सीमांत खर्च. लग्नसराईत नऊ जणी येतात आणि प्रत्येकीला एकच नऊवारी शिवून हवी आहे. प्रत्येकीच्या मनात एक आकडा आहे, ज्याच्या वर एक रुपयाही ती देणार नाही. हे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहून काढा: १२००, ११००, १०००, ९००, ८००, ७००, ६००, ५०० आणि ४००. ही उतरती ओळ म्हणजेच मागणी वक्र. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून आकडे उतरत्या क्रमाने आहेत ना, हे एकदा बोट ठेवून पाहा.

आता ‘शिलाई सगळ्यांना एकच’ अशी पाटी लावा आणि प्रत्येक भावाला नफा काढा. १००० रुपये शिलाई ठेवली तर तिघी येतात, प्रत्येकीमागे ५५० सुटतात, नफा १६५०. ९०० ठेवली तर चौघी, प्रत्येकीमागे ४५०, नफा १८००. ८०० ठेवली तर पाच जणी, पण प्रत्येकीमागे ३५०च, नफा १७५०. त्याखाली नफा घसरतच जातो. ७०० ला तो १५०० होतो. म्हणून भाव ९००, नग चार, नफा १८००.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. पाचवी बाई ८०० द्यायला तयार आहे आणि तिची साडी शिवायला लागतात ४५०. मग टेलर तिला परत का पाठवतो? पाटी एकच आहे म्हणून. पाचवीसाठी ती ८०० वर आणली की आधीच्या चौघींनाही शंभर-शंभर कमी लागतात. आठशे आले, चारशे गेले. पाचव्या नगाने गल्ल्यात खरी भर घातली ४०० ची. ही त्या नगाची सीमांत प्राप्ती, आणि ती ४५० पेक्षा कमी आहे. सीमांत प्राप्तीची रेषा मागणीच्या खाली का असते, याचं उत्तर या चौघींच्या शंभर-शंभर रुपयांत आहे. हे एकदा उमगलं की मूल्यभेदाचं अर्धं उत्तर हातात आलं.

एकच भाव असताना गिऱ्हाइकांच्या पदरात काय पडतं, तेही लगेच मांडा. बाराशेवालीचे ३०० वाचले, अकराशेवालीचे २००, हजारवालीचे १००, आणि नऊशेवालीचं काहीच वाचलं नाही. एकूण संतोषाधिक्य ६००. परत गेलेल्या बायकांचं संतोषाधिक्य शून्य धरायचं. ‘तिला मिळालं नाही म्हणून ते उणे’ असं काही जण लिहितात, ते चूक आहे; तिने पैसेही दिलेले नाहीत.

मग पाटी काढून टाका. टेलरला प्रत्येकीच्या मनातला आकडा नेमका कळतो आणि तो तेवढीच शिलाई सांगतो असं समजा. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मूल्यभेदाच्या तीन श्रेणी मांडल्या, त्यांतली पहिली ही: प्रत्येक नगाला त्या नगासाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त जे देईल ती किंमत. शब्द ‘नगाला’ आहे, ‘माणसाला’ नव्हे. आपल्या दुकानात एकीला एकच नऊवारी हवी आहे म्हणून फरक दिसत नाही. पण एखादीला दोन हव्या असत्या आणि दुसरीसाठी ती कमी द्यायला तयार असती, तर दोन नगांचे दोन भाव लागले असते. व्याख्येत हे लिहायला विसरू नका.

आता पाचवीला ८०० सांगितले तरी पहिल्या चौघींचे भाव हलत नाहीत. त्यामुळे तिच्याकडून येणारे सगळे ८०० ही भरच. प्रत्येक नगाची सीमांत प्राप्ती ही त्याची स्वतःची किंमत झाली. सीमांत प्राप्तीची रेषा वर सरकून मागणीवर जाऊन बसली. म्हणून टेलर थेट आठवीपर्यंत, ५०० वालीपर्यंत शिवतो आणि नववीला थांबतो, कारण ४०० घेऊन ४५० खर्च करायचे नाहीत. ही नववी मी मुद्दाम ठेवली आहे. मूल्यभेद करणारा ‘सगळ्यांनाच’ विकतो असं लिहून मुलं फसतात. तो विकतो ते किंमत सीमांत खर्चाला भिडेपर्यंतच.

आठ जणींकडून मिळालेल्या शिलाईची बेरीज ६८००, खर्च आठ गुणिले ४५० म्हणजे ३६००, नफा ३२००. संतोषाधिक्य शून्य, कारण प्रत्येकीने मनातला पूर्ण आकडा मोजला. इथली नेहमीची चूक म्हणजे शेवटची किंमत सगळ्या नगांना लावणं: ५०० गुणिले ८, वजा ३६००, उत्तर ४००. तो तर सगळ्यांना ५०० अशी पाटी लावल्याचा नफा झाला. तुमच्या उत्तरात मूल्यभेदाचा नफा एकच भावाच्या नफ्यापेक्षा कमी आला, तर हीच चूक झाली आहे का ते आधी पाहा. एकच भाव घेण्याची मुभा टेलरला तेव्हाही आहेच, मग त्याचा नफा घटेल कसा?

दुसरा पडताळा बेरजेचा. एकच भावात नफा १८०० आणि संतोषाधिक्य ६००, मिळून २४००. मूल्यभेदात ३२०० आणि शून्य, मिळून ३२००. फरक ८०० चा, आणि तो कुठून आला हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे: आधी परत गेलेल्या चौघींच्या साड्यांतून ३५०, २५०, १५० आणि ५०. हाच एकच भावातला डेडवेट लॉस. म्हणजे टेलरचे वाढलेले १४०० दोन ठिकाणांहून आले. ६०० गिऱ्हाइकांच्या खिशातून त्याच्याकडे सरकले, आणि ८०० नव्याने शिवलेल्या साड्यांतून निर्माण झाले. ही फोड लिहिणारं उत्तर मला नेहमी वेगळं दिसतं. ‘मूल्यभेद कार्यक्षम आहे’ आणि ‘मूल्यभेद गिऱ्हाइकाला नागवतो’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि ती एकाच पानावर का राहू शकतात ते या फोडीतून कळतं.

एवढं हाताने केल्यावरच सरळ रेषेचं गणित घ्या. समजा मागणी P = 120 − 2Q आणि सीमांत खर्च 20, स्थिर खर्च नाही.

```
MR = 120 − 4Q = 20  →  Q = 25, P = 70
नफा = (70 − 20) × 25 = 1250
CS = ½ × 25 × (120 − 70) = 625

120 − 2Q = 20  →  Q = 50
नफा = ½ × 50 × (120 − 20) = 2500
CS = 0
```

वरचा भाग एकच किंमतीचा, खालचा मूल्यभेदाचा. दुसऱ्या भागात MR ची जुनी रेषा वापरायची नाही. मागणी थेट सीमांत खर्चाशी जोडायची. त्रिकोणाची उंची १२० नाही, १०० आहे, कारण नफा खर्चाच्या रेषेच्या वर मोजतात. आकृतीत मूल्यभेदाचा त्रिकोण आधी एका पेन्सिलीने भरा आणि त्याच्या आत एकच किंमतीचे तीन तुकडे पाडा: वर ६२५ चा संतोषाधिक्याचा त्रिकोण, मध्ये १२५० चा नफ्याचा आयत, उजवीकडे ६२५ चा डेडवेट लॉस. तिन्हींची बेरीज २५०० आली नाही तर आकृतीत कुठेतरी घोळ आहे.

‘व्यवहारात हे का दिसत नाही’ या उपप्रश्नासाठी पुन्हा टेलरकडेच जा. गावात दुसरा टेलर नाही ही पहिली अट. मापाने शिवलेली नऊवारी दुसरीला नीट बसत नाही, त्यामुळे पाचशेत शिवून घेऊन आठशेला विकता येत नाही. ही दुसरी अटही पाळली जाते. अडतं ते तिसऱ्या अटीपाशी, मनातला आकडा कळण्यापाशी. एकाच लग्नघरातल्या दोघी हळदीला शेजारी बसल्या की पहिला प्रश्न असतो, ‘तुझी शिलाई किती घेतली गं?’ पुढच्या वेळी बाराशेवालीही आपल्याला पाचशेच परवडतात असं सांगते. आणि टेलरने अंदाज चुकवून नऊशेवालीला हजार सांगितले तर ती निघून जाते, आणि तिच्यासोबत त्याचे ४५०ही जातात. म्हणून तो खुणेवर जातो: पैठणी आणली तर हजार, साधी सुती आणली तर सहाशे. हा मात्र गटागटाचा भाव झाला, म्हणजे तृतीय श्रेणी. आणि पैठणीला खरोखर जास्त मेहनत पडत असेल, तर तेवढा फरक मूल्यभेदच नाही, तो खर्चातला फरक आहे. उदाहरण देताना हे तपासून मगच लिहा.

शेवटी स्थिर खर्चाचा एक सराव करा, कारण तो बहुतेकांचा राहून जातो. दुकानाचं या हंगामाचं भाडं २००० रुपये धरा. भाड्याने नगांची संख्या बदलत नाही, भावही बदलत नाही. फक्त नफ्यातून २००० वजा होतात. एकच भावात १८०० चे उणे २०० होतात, मूल्यभेदात ३२०० चे १२०० राहतात. म्हणजे एकच भावाची सक्ती केली तर टेलर पुढच्या हंगामात भाड्याने दुकान घेणारच नाही. तेव्हा तुलना ६०० आणि शून्य अशी उरत नाही. दुकान बंद असताना त्या नऊ जणींचं संतोषाधिक्य शून्य, आणि मूल्यभेद करून दुकान चालू असतानाही शून्य. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी आठ नऊवाऱ्या शिवल्या जातात आणि टेलरला १२०० सुटतात.