रविवारचं वरण शुक्रवारपर्यंत: नागपूरच्या उन्हाळ्यात आठवड्याचे डबे कसे करावेत

आमच्या घरी दोन माणसं, दोघंही नोकरीवाली. सोमवार ते शुक्रवार दहा डबे लागतात. पहिल्यांदा रविवारी एकदमच सगळं करायचं ठरवलं तो एप्रिल होता. रात्री आठला वरण शिजवलं, कुकरचं झाकण न काढता ओट्यावरच ठेवलं आणि "गार झालं की फ्रिजमध्ये टाकू" म्हणत झोपलो. सकाळी झाकण काढलं तर वर फेस आणि डाव उचलला की तार. वरण विटलं होतं.

चूक शिजवण्यात नव्हती, गार करण्यात होती. डाळ, उसळ, भात, रस्सा यांत काही जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. अन्न साधारण ६० अंशांखाली उतरलं की ते जागे होतात, आणि ५ अंशांपर्यंत जाईस्तोवर त्यांना वाढायला रान मोकळं असतं. काही जिवाणू तर असं विष सोडतात की पुन्हा उकळलं तरी ते जात नाही. म्हणून "खळखळून गरम केलं की झालं" हा हिशोब इथे चालत नाही. शिजवलेलं अन्न पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरायला हवं. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात रात्रीही तिशीच्या वर पारा असतो. तिथे भरलेलं पातेलं नुसतं ठेवून २१ अंश कधीच गाठणार नाही.

आधी फ्रिज तपासा

शनिवारी रात्री फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर. स्वयंपाकाचा साधा काटा किंवा डिजिटल चालतो, तापाचा नको. सकाळी ५ अंश किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. आमचा उन्हाळ्यात ९ दाखवत होता, कारण खटका हिवाळ्यातल्याच आकड्यावर होता आणि आत भाजी ठासून भरलेली. ९ अंशांच्या फ्रिजमध्ये तीन दिवसांचं अन्न ठेवण्यात अर्थ नाही.

वरण: घट्ट, बिनफोडणीचं, उथळ

दहा डब्यांसाठी ४०० ग्रॅम तुरीची डाळ पुरते. अडीचपट पाणी, हळद आणि थोडं तेल घालून शिजवा, घोटा, पण पाणी वाढवू नका. घट्ट वरणाला जागा कमी लागते आणि ते लवकर गार होतं. फोडणी, चिंच, गूळ, कोथिंबीर यांतलं काहीच रविवारी नाही. रोज सकाळी वाटीभर वरणात गरम पाणी घालून उकळायचं आणि वर लसूण-जिऱ्याची ताजी फोडणी द्यायची. चौथ्या दिवशीही ते शिळं लागत नाही, कारण आपल्याला शिळेपणा जाणवतो तो बहुधा फोडणीच्या तेलाचा आणि सुकलेल्या कोथिंबिरीचा.

कुकर उघडला की वरण लगेच दोन पसरट परातींत ओता. बोटाच्या दोन पेरांपेक्षा उंच थर नको. थर दुप्पट झाला की गार व्हायला दुपटीहून कितीतरी जास्त वेळ लागतो. परात मोठ्या घमेल्यात ठेवा आणि घमेल्यात बर्फ घातलेलं पाणी. नळाचं पाणी इथे कामाचं नाही. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येतं ते चहाला निम्मं तापलेलंच असतं. वर पातळ कापड टाका, कूलर किंवा पंख्यासमोर ठेवा आणि पाच-पाच मिनिटांनी ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात परातीची बूड हाताला गार लागते. मग छोट्या डब्यांत भरा, एका डब्यात एका दिवसाचं. पूर्ण थंड होईपर्यंत झाकण जरा उघडं ठेवा आणि डबे एकमेकांना चिकटवू नका.

सोमवार, मंगळवार, बुधवारचे डबे खाली फ्रिजमध्ये, गुरुवार-शुक्रवारचे थेट फ्रीजरमध्ये. फ्रिजमधलं शिजलेलं अन्न तीन, फार तर चार दिवस. प्रत्येक डब्यावर तारखेची चिकटपट्टी लावा; बुधवारी सकाळी घाईत सगळे डबे सारखेच दिसतात.

भाजी

इथे थोडक्यात सांगतो. गवार, फरसबी, कोबी, फ्लॉवर टिकतात. त्या शिजायला दोन मिनिटं असतानाच उतरवा, पुन्हा तापवताना उरलेलं शिजतं. भेंडी आणि ढेमसं ज्या दिवशी खायचं त्याच दिवशी. बटाटा फ्रीजरमध्ये भुसभुशीत होतो. दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं वाढताना. रविवारी कॉटन मार्केटची भाजी आणून धुऊन, पुसून, चिरून ठेवली तरी निम्मं काम होतं. पालेभाजी मात्र ओली डब्यात कोंबू नका, ती मंगळवारी काळी पडते.

मसाला मात्र भरपूर करून ठेवा. कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे भाजून वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन चौकोन टाकले की बुधवारी दहा मिनिटांत सावजी वळणाचा रस्सा होतो.

प्रथिनं

कच्चं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच. दही-मसाला लावून गुरुवारपर्यंत खाली ठेवणं धोक्याचं. मसाला लावूनच एक-एक वेळेची पुडी करून फ्रीजरमध्ये टाका, आणि आदल्या रात्री फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात उतरवा, म्हणजे त्याचं पाणी वरणावर ठिबकणार नाही. ओट्यावर ठेवून वितळवू नका: बाहेरचा भाग तासाभरात कोमट होतो, आत गोठलेलंच असतं.

उकडलेली अंडी सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर चालतात, सोललेली लवकर खा. हरभरे, चवळी भिजवताना उन्हाळ्यात फसगत होते. रात्रभर ओट्यावर ठेवले की सकाळी पाण्याला फेस आणि आंबट वास. फ्रिजमध्ये भिजवा. मोड आलेली कडधान्यं डब्यात कच्ची देऊ नका, शिजवूनच. शिजलेल्या उसळीला वरणाचाच नियम: उथळ भांडं, बर्फाचं पाणी.

डबा

घरून साडेआठला निघालेला डबा मिहानमध्ये दीड वाजता उघडतो. पाच तास कोमट राहिलेला डबा सर्वांत वाईट. दोनच मार्ग: वाफाळतं अन्न उकळत्या पाण्याने आधी तापवलेल्या थर्मासच्या डब्यात, किंवा थंडगार डबा बर्फाच्या पुडीसोबत आणि ऑफिसात मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हमध्ये मध्ये एकदा ढवळा. कडा तापतात, मध्य गार राहतो. मधून वाफ निघाली पाहिजे. जेवढं खायचं तेवढंच तापवा. एकदा तापवलेलं उरलं तर परत फ्रिजमध्ये नको.

दिवे गेले तर फ्रिज उघडू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेला तर थर्मामीटर बघा, वासावर जाऊ नका. आजारी पाडणारे जिवाणू वास देतीलच असं नाही. माझ्या त्या एप्रिलच्या वरणाने फेस दाखवला, तेवढं बरं झालं. भात मात्र आम्ही रविवारी करतच नाही. कुकरची एक शिट्टी सकाळी होतेच.