या चुका टाळा: एआयने काढलेलं चित्र लोगो किंवा लेबलवर वापरताना

मी पॅकेजिंग आणि लेबलं डिझाइन करते. सुगंधी मेणबत्त्या बनवणाऱ्या एका ताईंनी त्यांचं घुबड स्वतःच एआय टूलमध्ये तयार करून आणलं होतं. गोल डोळे, एका पंखाखाली पेटलेली मेणबत्ती. चित्र खरंच छान होतं. लेबल, डबा, पिशवी, सगळीकडे तेच छापलं. सात-आठ महिन्यांनी ऑनलाइन विक्रीच्या एका साइटवर दुसऱ्याच विक्रेत्याच्या मेणबत्त्यांवर तेच घुबड दिसलं. फक्त आरशात पाहावं तसं उलटं केलेलं. ताईंनी लगेच कॉपीराइटची तक्रार भरायला घेतली आणि मला फोन केला, "फॉर्ममध्ये विचारतायत, चित्राचा मालक कोण. मीच ना? मी तर प्लॅनचे पैसे भरलेत."

या एका प्रश्नात बहुतेक सगळ्या चुका आल्या, म्हणून हेच घुबड धरून पुढचं सांगते.

चूक पहिली: वापरायची परवानगी म्हणजे मालकी असं समजणं

टूलच्या अटींमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वाचताना एकच वाटतात. चित्र धंद्यासाठी वापरता येईल, ही झाली एक गोष्ट. याचा अर्थ एवढाच, की टूल चालवणारी कंपनी तुमच्या वापराला हरकत घेणार नाही. दुसरी गोष्ट मालकीची, आणि तिथे शब्द फार जपून लिहिलेले असतात. ओपनएआयच्या अटी म्हणतात की आउटपुटमध्ये आमचे काही हक्क "असल्यास" ते आम्ही तुम्हाला देतो. मिडजर्नीच्या अटींमध्ये लागू कायद्यात शक्य असेल तेवढी मालकी तुमची, अशा अर्थाचं वाक्य आहे. जो हक्क कायद्याने जन्मालाच आलेला नाही, तो कंपनी देणार कुठून? पैसे भरून तुम्ही टूल वापरण्याचा हक्क घेतलेला असतो. दुसऱ्याला अडवण्याचा हक्क कायद्याकडून यावा लागतो.

अमेरिकेत कायद्याची भूमिका आता बरीच स्पष्ट आहे: कॉपीराइटसाठी निर्मिती माणसाची हवी. 2023 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकचं प्रमाणपत्र मर्यादित केलं. मजकूर आणि पानांवरची मांडणी लेखिकेची मानली, पण मिडजर्नीने काढलेली एकेक चित्रं वगळली. त्याच वर्षी आणखी एका चित्राची नोंदणी नाकारली गेली. त्या कलाकाराने किमान 624 वेळा प्रॉम्प्ट बदलून ते चित्र मिळवलं होतं. मेहनत कुणी नाकारली नाही. पण प्रॉम्प्ट म्हणजे सूचना, आणि रेषा कुठे जाईल, सावली कशी पडेल हे ठरवलं टूलने. जानेवारी 2025 च्या अहवालात कार्यालयाने हेच सविस्तर लिहिलं: आज टूल्स जशी चालतात ते पाहता नुसते प्रॉम्प्ट पुरेसे नाहीत.

सगळ्या देशांत असंच आहे असं नाही. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये एआयने काढलेल्या एका चित्राला संरक्षण दिलं, कारण प्रॉम्प्ट आणि सेटिंग निवडण्यात माणसाची बुद्धी लागली आहे, असं त्यांना वाटलं. ब्रिटन आणि भारताच्या कायद्यांत "संगणकाने निर्माण केलेली कृती" याबद्दल तरतूद आहे, पण ती अनुक्रमे 1988 आणि 1994 मधली, म्हणजे ही टूल्स येण्याच्या कितीतरी आधीची. तुमचा माल एकाहून जास्त देशांत जात असेल, तर सगळ्यात कडक नियम धरूनच चाला.

चूक दुसरी: थोडी डागडुजी केली म्हणजे चित्र आपलं झालं असं मानणं

ताईंचं पुढचं म्हणणं होतं, "पण मी ते व्हेक्टर करून घेतलंय." म्हणजे इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडलं, Trace Bitmap दाबलं, रंग कमी केले. त्यात पुन्हा यंत्रानेच कडा शोधून रेषा ओढल्या. रिझोल्यूशन वाढवणं, पार्श्वभूमी काढणं, रंग उजळणं यांचंही तसंच. वर सांगितलेल्या कॉमिकमध्ये लेखिकेने एका चित्रात ओठ फोटोशॉपमध्ये सुधारले होते. तो बदल इतका बारीक होता की कार्यालयाने तो निर्मिती म्हणून धरला नाही.

मग किती केलं म्हणजे पुरेसं? याचं माप नसतं, पण दोन वाटांनी हक्क मिळाल्याची उदाहरणं आहेत. पहिली, आधी स्वतः हाताने रेखाटन करायचं आणि ते टूलला द्यायचं. तुमच्या रेषा अंतिम चित्रात ओळखू येत असतील, तर त्या भागापुरता हक्क तुमचा. दुसरी, तुकड्यातुकड्याने काम. जानेवारी 2025 मध्ये एका चित्राची नोंदणी झाली. त्यात कलाकाराने आधी एक चित्र तयार केलं, मग एकेक भाग निवडून सुमारे 35 वेळा बदलत नेला. निवड, जुळवणी आणि मांडणी माणसाची म्हणून नोंद मिळाली. पण तीही तेवढ्यापुरतीच.

लोगो किंवा मॅस्कॉटसाठी मी पहिली वाट सुचवते. ती सोपी आहे आणि काय तुमचं, हे डोळ्यांना दिसतं. ताईंच्या घुबडाचं आम्ही असंच केलं. टूलचं चित्र बाजूला ठेवलं. ताईंनी पेन्सिलने कागदावर घुबड काढलं. जरा वेडंवाकडं, एक डोळा मिटलेलं, मेणबत्ती डोक्यावर. त्या कागदाचा फोटो काढून ठेवला. मग मी त्यावर हाताने एकेक बिंदू देत व्हेक्टर रेषा ओढल्या. रंगसंगतीच्या कल्पना तेवढ्या टूलकडून घेतल्या. माझ्या रेषांचे हक्क लेखी करार करून ताईंच्या नावावर केले. हे विसरू नका, कारण बऱ्याच देशांत डिझायनरला पैसे दिले एवढ्याने हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाहीत.

चूक तिसरी: चुकीच्या खिडकीत तक्रार करणं

तक्रारीच्या फॉर्मवर "मी या कृतीच्या मालकाच्या वतीने लिहितो" असं सांगावं लागतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार चालणाऱ्या साइटवर हे विधान खोटं ठरल्यास शिक्षेला पात्र राहून करायचं असतं, आणि जाणूनबुजून चुकीची तक्रार करणाऱ्याकडून समोरचा नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून ताईंना म्हटलं, हा फॉर्म बंद करा.

त्यांच्याकडे दुसरा रस्ता होता: ट्रेडमार्क. चित्र कुणी काढलं, हा ट्रेडमार्कचा मूळ प्रश्न नाही. ही खूण पाहून गिऱ्हाईक तुमचा माल ओळखतं का, हा आहे. त्यामुळे टूलने काढलेलं चित्रही ट्रेडमार्क होऊ शकतं. ताईंचं नाव आणि घुबड मिळून मेणबत्त्यांच्या वर्गात नोंदणीला टाकलेलं होतं. साइटकडे त्याच आधारावर, वापराच्या तारखा आणि जुन्या लेबलांचे फोटो जोडून तक्रार केली. काही दिवसांनी त्या विक्रेत्याचं पान उतरलं.

याची मर्यादाही लक्षात घ्या. ट्रेडमार्क तुमच्या प्रकारच्या मालापुरता आणि गिऱ्हाइकाची गल्लत होते तिथपर्यंत चालतो. कुणी तेच जुनं घुबड वहीच्या मुखपृष्ठावर छापलं तर बहुधा काही करता येणार नाही.

कॉपीराइट नोंदणीच्या अर्जात एआयचा भाग लपवणं हीही याच जातीची चूक. अमेरिकेत तो भाग किरकोळ नसेल तर सांगावाच लागतो, नाहीतर मिळालेली नोंदणी नंतर रद्द होऊ शकते. आपला भाग कोणता आणि टूलचा कोणता, हे स्पष्ट लिहा.

चूक चौथी: आपला हक्क नाही म्हणजे दुसऱ्याचाही नसेल असं धरणं

इथे नुकसान सगळ्यात मोठं होऊ शकतं. टूलने दिलेलं चित्र कुणाच्या तरी हक्काच्या चित्राच्या फार जवळ गेलं, तर छापणारे तुम्ही असता. "मला माहीत नव्हतं" म्हटल्याने भरपाईची रक्कम कमी होईल कदाचित, जबाबदारी टळत नाही. जून 2025 मध्ये डिस्नी आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नीवर दावा लावला. त्यांच्या पात्रांची चित्रं टूल सहज काढून देतं, हाच त्यांचा मुद्दा. म्हणजे टूलने नकार दिला नाही, ही काही परवानगी नव्हे.

छापायच्या आधी मी दोन गोष्टी करते. पहिली, चित्र चारशे टक्के मोठं करून कोपरे बघते. ताईंच्या पहिल्या घुबडाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात राखाडी, वाचता न येणारी सहीसारखी गिचमिड होती. टूलने ज्या चित्रांवरून शिकून घेतलं, त्यांवर सह्या आणि वॉटरमार्क होते, म्हणून ते असं काढतं. गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआयवर लंडनमध्ये लावलेल्या दाव्यात असेच वॉटरमार्क पुढे आले, आणि नोव्हेंबर 2025 च्या निकालात गेटीला ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर थोडं यश मिळालं. अशी खूण दिसली तर ती पुसून पुढे जाऊ नका. ते चित्रच सोडा.

दुसरी, गूगल लेन्स आणि टिनआय या दोन्हींवर चित्र शोधते. पूर्ण चित्र एकदा, आणि त्यातला मुख्य आकार कापून एकदा. शोधात काही सापडलं नाही एवढ्याने खात्री होत नाही, पण अगदी जवळचं काही असेल तर बहुतेक वेळा इथेच दिसतं. प्रॉम्प्टमध्ये हयात कलाकाराचं, ब्रँडचं किंवा पात्राचं नाव असेल तर मी ते चित्र तपासायच्या भानगडीत पडतच नाही, नवीन प्रॉम्प्ट लिहायला सांगते.

लहान वाटणाऱ्या, पण अडवणाऱ्या दोन गोष्टी

मिडजर्नीत चित्रं मुळात सार्वजनिक असतात, आणि इतर वापरणाऱ्यांना ती पाहता आणि बदलता येतात. लपवण्याची सोय महागड्या प्लॅनमध्येच मिळते. ताईंचं घुबड तिथूनच गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला तिथे प्रो किंवा मेगा प्लॅनच घ्यावा लागतो. घरच्या कॉम्प्युटरवर मॉडेल चालवत असाल तर त्या मॉडेलचा परवाना वेगळा वाचा: FLUX.1 [schnell] हे मॉडेल अपाची 2.0 या खुल्या परवान्याखाली आहे, त्याच घराण्यातल्या काही मॉडेलांच्या अटी निराळ्या.

अटी बदलत राहतात. म्हणून चित्र तयार केलं त्या दिवशीचं अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. त्याच फोल्डरमध्ये प्रॉम्प्ट, टूल आणि मॉडेलची आवृत्ती, प्लॅनची पावती, तुमच्या रेखाटनाचा फोटो आणि मधले टप्पे. उद्या कुणाची नोटीस आली, तर आधी चित्र साइटवरून आणि जाहिरातींमधून उतरवा, छपाई थांबवा, उत्तर लगेच लिहू नका, आणि हे फोल्डर घेऊन वकिलाकडे जा. चित्र तुमच्याकडे कसं आलं, हे त्यांना पहिल्या भेटीतच दाखवता येईल.