कस्टम्समुळे कंटेनर अडकला, डिटेन्शन माफ कसं करून घ्यायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, पडून राहिला म्हणून लागतं ते ग्राउंड रेंट, आणि शिपिंग लाइनचा डबा फ्री दिवसांत रिकामा करून परत दिला नाही म्हणून लागतं ते डिटेन्शन. दोन्हीचे अर्ज वेगळे, माणसं वेगळी. इथे फक्त डिटेन्शनबद्दल.

एक उदाहरण धरून चालू. न्हावा शेवाला 40 फुटी कंटेनर, आत केमिकल. 2 जूनला उतरला, 14 दिवस फ्री म्हणजे 15 जूनपर्यंत. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं मालाचं डिक्लेरेशन, जहाज यायच्या आधीच भरलेलं. 4 जूनला कस्टम्सने क्वेरी काढली, आपण 5 ला उत्तर दिलं, मग सॅम्पल लॅबला गेलं, रिपोर्ट यायला वेळ लागला आणि 22 ला आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायची कस्टम्सची परवानगी, मिळालं. रिकामा डबा यार्डात 25 ला परत. रिपोर्टमध्ये माल जसा डिक्लेअर केला तसाच निघाला. लाइनचा दर समजा पहिले 7 दिवस रोज 40 डॉलर, नंतर 80. बिल येतं 10 दिवसांचं, 7 × 40 अधिक 3 × 80, म्हणजे 520 डॉलर, वर जीएसटी.

आता कामाला लागा. पहिलं काम आपल्या सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या आपल्या एजंटकडून, तारखा मागवणं: बिल ऑफ एंट्री कधी भरलं, क्वेरी कधी, उत्तर कधी, सॅम्पल कधी काढलं, आउट ऑफ चार्ज कधी, ज्याचा कागद असेल त्याची कॉपी पण. इथे स्वतःशी खोटं बोलू नका, तुम्ही क्वेरीला उत्तर द्यायला 6 दिवस लावले असतील तर ते दिवस कस्टम्सच्या नावावर टाकायचे नाहीत, लाइनवाले तारखा जुळवून बघतात आणि एक खोटी तारीख सापडली की बाकीच्या खऱ्या तारखांवरही विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं, कस्टम्सकडून वेव्हर म्हणजे माफीचं सर्टिफिकेट. सीएचएमार्फत असिस्टंट किंवा डेप्युटी कमिशनरकडे अर्ज द्यायचा. याला आधार आहे 2018 च्या सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्सचा: बिल ऑफ एंट्रीतली माहिती तपासायला कस्टम्सने माल अडवला आणि माहिती बरोबर निघाली, तर त्या काळाचं डिटेन्शन लाइनने मागायचं नाही, 60 दिवसांपर्यंत. त्यापुढच्या दिवसांचं मागू शकतात. आणि माल डिक्लेरेशनपेक्षा वेगळा निघाला तर हा नियम विसराच, तेव्हा फक्त विनंती उरते. सर्टिफिकेट असूनही काही लाइन वाद घालतात, पण ते नसेल तर वाद घालायलाही काही हातात नसतं.

तिसरं, मेल कुणाला. तुमच्याकडे फॉरवर्डरचं हाउस बिल ऑफ लेडिंग असेल तर लाइनचा कस्टमर फॉरवर्डर आहे, तुम्ही नाही, मग मेल त्याच्यामार्फतच. डायरेक्ट असाल तर इम्पोर्ट डेस्कला, आणि सोबत तुमचं अकाउंट बघणाऱ्या सेल्सवाल्याला. काउंटरवरच्या पोराशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात अधिकारच नसतो, बऱ्याचदा लोकल एजंटलाही लाइनच्या ऑफिसची परवानगी लागते. म्हणून मेल असा लिहा की एजंटने नुसता फॉरवर्ड केला तरी वरच्याला सगळं कळेल: कंटेनर नंबर, बिल ऑफ लेडिंग नंबर, तारखा एकाखाली एक, सर्टिफिकेट जोडलेलं आणि शेवटी नेमका आकडा. 'कृपया सहकार्य करावे' एवढंच लिहिलं तर उत्तरात 10 टक्के डिस्काउंट येतो आणि फाइल बंद.

आकडा कसा काढायचा ते बघा, खरी मजा इथे आहे. 4 ते 22 जून हे 19 दिवस, त्यात क्वेरीच्या उत्तराचा एक दिवस आपला धरला तर कस्टम्सचे 18 दिवस. 2 ते 25 जूनच्या एकूण 24 मधून 18 गेले, उरले 6, ते तर 14 फ्री दिवसांतच बसतात, म्हणजे बिल शून्य. पहिली मागणी हीच करा. लाइन म्हणेल की फ्री दिवसांत गेलेला वेळ आम्ही मोजत नाही, फक्त 16 ते 22 जूनचे 7 दिवस सोडतो. ठीक, मग उरलेले 3 दिवस 80 ने नाही तर 40 ने लावा म्हणायचं, कारण ते 7 दिवस सोडले तर आपला पहिला स्लॅब तिथूनच सुरू होतो. 240 च्या जागी 120. हे कुणी आपणहून सांगत नाही, मी पण एकदा जास्तीचे भरून मोकळा झालो होतो.

आणि टायमिंग. क्वेरी आली त्याच दिवशी लाइनच्या एजंटला एक मेल टाकून ठेवा की कस्टम्स होल्ड आहे, नंतर वेव्हर मागणार आहोत. पैसे भरायच्या आधी मागा. डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे लाइनची माल सोडायची चिठ्ठी, वाढवून घ्यायला पैसे भरावेच लागले तर भरताना 'अंडर प्रोटेस्ट' असं मेलवर लिहून द्या, नाहीतर नंतर रिफंडच्या जागी क्रेडिट नोटची वाट बघत महिने जातात. आउट ऑफ चार्ज झाल्यावर मात्र गाडी लगेच लावा, त्यानंतरचा एकेक दिवस तुमचा स्वतःचा आहे, आणि रिकामा डबा दिल्याची यार्डाची पावती जपून ठेवा, परतीच्या तारखेवरून भांडण झालं तर तीच लागते.