आवारात शिरलेल्याला इजा झाली तर जबाबदार कोण? जागेचा ताबा असणाऱ्यांनी या चुका टाळा

शेताच्या बांधावर किंवा घराच्या फाटकावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी लावली, की पुढे जे होईल ते येणाऱ्याच्या नशिबी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कायद्याची भूमिका तशी नाही. इंग्लंडमध्ये या विषयावर 1957 आणि 1984 असे दोन स्वतंत्र कायदे आहेत. भारतात असा एकच संहिताबद्ध कायदा नाही. येथील न्यायालये अपकृत्यविधीची, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची वा नुकसानीची भरपाई कोणी द्यायची हे ठरवणाऱ्या कायद्याची, जुनी तत्त्वे आणि त्यांवरील निवाडे यांच्या आधारे निर्णय देतात, आणि मृत्यू घडल्यास फौजदारी कायदाही लागू होतो. त्यामुळे कोणाच्या बाबतीत आपले कर्तव्य कुठपर्यंत जाते, हे इजा होण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

चूक पहिली: चोरासाठी सापळा लावणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली निकाली काढलेले ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ हे प्रकरण या बाबतीत मुळापासून पाहण्यासारखे आहे. शेजारच्या घरात राहणाऱ्या एका स्त्रीच्या घरच्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून ती आरोपीचे शौचालय वापरू लागली. आरोपीला हे मान्य नव्हते आणि तशी समजही त्याने दिली होती. तरीही ये-जा थांबेना, तेव्हा त्याने शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर तांब्याची उघडी तार आडवी बांधली आणि घरातील वीजजोडणीतून तिच्यात प्रवाह सोडला. तार जिवंत आहे, अशी सूचना कोठेही लावलेली नव्हती. आत जाताना त्या स्त्रीचा तारेला स्पर्श झाला नाही, बाहेर येताना मात्र हात लागला आणि विजेच्या धक्क्याने तिचा मृत्यू झाला.

ती परवानगीशिवाय आली होती, सबब तिच्याप्रति आपले काहीच कर्तव्य नव्हते, हा आरोपीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबाबतच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304अ खालील दोषसिद्धी कायम ठेवली. जागेच्या ताबाधारकाने निमंत्रिताची जितकी काळजी घ्यायची तितकी अतिक्रमीची, म्हणजे परवानगीशिवाय आत शिरणाऱ्याची, घ्यावी लागत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र अतिक्रमी हा कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला गेलेला माणूस नाही; त्याला इजा व्हावी या हेतूने, किंवा तो तेथे येऊ शकतो याची बेपर्वाईने उपेक्षा करून, सापळा लावता येत नाही, हे त्याहून महत्त्वाचे सूत्रही त्याच निकालात आहे.

रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात थेट 230 व्होल्टचा घरगुती प्रवाह सोडणारे शेतकरी नेमकी हीच चूक करतात. बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर चालणारे मान्यताप्राप्त झटका यंत्र साधारण सेकंदाला एक असा अत्यंत अल्पकाळाचा झटका देते. जनावर दचकून मागे सरते. थेट जोडलेल्या तारेतील प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. डुकरासाठी लावली होती, माणसासाठी नव्हे, हे सांगून सुटका होत नाही, कारण रात्री बांधावरून माणूसही जाऊ शकतो हे लावणाऱ्याला कळायलाच हवे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली अशा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि परिस्थितीनुसार याहून गंभीर कलमही लागू शकते.

चूक दुसरी: ‘मी त्याला बोलावले नव्हते’ एवढ्यावर विसंबणे

अतिक्रमी कोण, हे ठरवताना ताबाधारकाचे शब्दच नव्हेत, तर त्याचे वागणेही पाहिले जाते. इंग्लंडमधील 1911 च्या ‘लोअरी विरुद्ध वॉकर’ या प्रकरणात एका शेतातून लोक वर्षानुवर्षे रेल्वे स्थानकाकडे जाण्यासाठी आडवाट काढत असत. मालक अधूनमधून कुरकुर करी, पण ठोस अटकाव त्याने कधी केला नाही. पुढे त्याने कोणतीही सूचना न देता त्या शेतात चावरा घोडा सोडला आणि एका वाटसरूला इजा झाली. तो वाटसरू अतिक्रमी नव्हे, तर मूक संमतीने येणारा ठरला आणि मालक जबाबदार धरला गेला.

समजा, आपल्या शेतात बिनकठड्याची विहीर आहे आणि तिच्या कडेने गावची मुले रोज बसथांब्याकडे जातात. रोज दूध घालायला येणारा माणूस आपल्या कामासाठी येतो. त्याच्या बाबतीत वाट वाजवी सुरक्षित ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. मुलांची पायवाट आपण वर्षानुवर्षे चालू दिली असेल, तर गवताने झाकलेली विहीर हा त्यांच्यासाठी छुपा धोका आहे आणि तो माहीत असून गप्प बसणे चालणार नाही. रात्री मोटार चोरायला आलेला माणूस त्याच विहिरीत पडला, तर त्याच्यासाठी वेगळा कठडा बांधण्याचे कर्तव्य आपल्यावर नव्हते. पण तो पडावा म्हणून आपण तोंडावर पाचट पसरले असेल, तर उत्तर बदलते. एकाच विहिरीची ही तीन उत्तरे लक्षात आली, की विषयाचे मर्म हाती लागते.

पायवाट खरोखर बंद करायची असेल, तर ती प्रत्यक्ष बंद करावी: कुंपण दुरुस्त ठेवावे, लेखी सूचना द्यावी आणि कुंपण पुन्हा तोडले गेले तर पुन्हा नीट करावे. इंग्लंडमधील 1972 च्या ‘हेरिंग्टन’ प्रकरणात रेल्वेचे कुंपण मोडलेले होते आणि मुले आत जातात हे स्थानकप्रमुखाला कळले होते. विजेच्या रुळावर सहा वर्षांचा मुलगा भाजला. तो अतिक्रमीच होता, तरी किमान माणुसकीचे कर्तव्य मोडल्याबद्दल रेल्वे जबाबदार ठरली. असे निवाडे आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण त्यांतील विचार येथे विचारात घेतला जातो.

चूक तिसरी: पाटीला कवच समजणे

कायदेशीर पाहुण्यासाठी लावलेली सूचना पुरेशी आहे का, हे ती वाचून तो सुरक्षित राहू शकतो का यावरून ठरते. इंग्लंडचे न्यायमूर्ती डेनिंग यांनी दिलेले उदाहरण येथे चपखल बसते: घराकडे जाणारा एकच साकव असेल आणि तो धोकादायक असेल, तर ‘साकव धोकादायक आहे’ ही पाटी निरुपयोगी आहे, कारण येणाऱ्याला दुसरा मार्गच नाही. शेजारी दुसरा सुरक्षित साकव असेल, तर तीच पाटी पुरेशी ठरू शकते. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ असे लिहून कुत्रा मोकळा सोडणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. वीजमीटर वाचायला येणाऱ्याला फाटकातूनच यावे लागते. वाचता न येणाऱ्या लहान मुलासाठी तर पाटीचा उपयोगच नाही. ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात विषारी फळे खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. 1922 मधील त्या प्रकरणात, आकर्षक दिसणारी फळे मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवून पुरेशी सूचना वा कुंपण नसणे हीच चूक मानली गेली.

याउलट टोकही आहे: आत बोलावलेला माणूस ठरलेल्या हेतूपलीकडे गेला, तर तो तेवढ्यापुरता अतिक्रमी होऊ शकतो. जिना चढायला सांगितले म्हणजे कठड्यावरून घसरायला सांगितले असे होत नाही. चौकशीसाठी आलेला ग्राहक ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेल्या गोदामात परस्पर गेला, तर तेथे त्याला ग्राहकाचे संरक्षण सहसा मिळत नाही.

चूक चौथी: सातबाऱ्यावरचे नाव पाहून थांबणे

जबाबदारी मालकीवरून नव्हे, तर जागेवरील प्रत्यक्ष नियंत्रणावरून ठरते. शेत बटाईने दिले असेल, तर विहीर, फाटक आणि कुंपण यांची देखभाल कोणाकडे आहे, हे पाहिले जाते, आणि नियंत्रण दोघांकडे असल्यास दोघेही जबाबदार असू शकतात. बटाईचा करार तोंडीच असतो, म्हणून निदान विहिरीचा कठडा आणि कुंपणाची दुरुस्ती कोणी करायची, एवढे तरी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.