दिग्दर्शकाचं निवेदन: कथा नको, निर्णय लिहा

फेस्टिव्हलच्या अर्जात सिनॉप्सिसला वेगळी जागा असते, तरी अनेकांचं निवेदन पुन्हा कथाच सांगत बसतं. समजा, कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळावर शॉर्टफिल्म केली आहे. ‘गुळव्याचे कष्ट जगासमोर आणायचे होते’ हे वाक्य कुठल्याही कष्टकऱ्याच्या फिल्मला चालेल. त्यातून तुमची नजर दिसत नाही.

त्याऐवजी असं लिहा: ‘पाकाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांनी चाचपून गुळव्या काहील उतरवायची वेळ ठरवतो. हे ज्ञान हातात आहे, म्हणून कॅमेरा हातांच्या उंचीवर ठेवला. पार्श्वसंगीत टाळलं, कारण उकळीचा बदलता आवाज ऐकू यायला हवा होता.’ इथे हेतू आणि त्यातून घेतलेला निर्णय सोबत येतात. मला तर निवेदनाचा जीव यातच वाटतो.

फिल्मशी तुमचं नातं एका-दोन वाक्यांत पुरे. शब्दमर्यादा दिली नसेल तर दीडशे ते दोनशे शब्दांत थांबा. अंतिम एडिट झाल्यावर प्रत्येक दावा फिल्मशी ताडून बघा. एडिटमध्ये संगीत आलं असेल, तर ‘संगीत टाळलं’ हे वाक्य काढा.