दिवाळी सेलनंतर स्टॉक मायनसमध्ये दिसतोय? आधी युनिट बघा

सेल संपल्यावर बाबांच्या स्टॉक शीटमध्ये उटण्याचा स्टॉक चक्क -297, बाबांना वाटलं पोराने बिलं डबल मारली. मी यादी नीट बघितली तर किलोवर विकतो तो रवा-बेसन बरोबर, मायनस फक्त बॉक्सने येऊन सुट्टा विकला जाणारा माल! खरेदी 15 लिहिलेली, म्हणजे 15 बॉक्स, आणि विक्री 312 पाकिटं, शीट बिचारी 15 मधून 312 वजा करत बसलेली.

उपाय सोपा आहे:

1. B मध्ये खरेदीचे बॉक्स, C मध्ये एका बॉक्समधले नग (आमचे 24), D मध्ये विकलेले नग.
2. E2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=B2*C2-D2
```

3. किलोच्या मालाला C मध्ये 1 लिहा, नाहीतर रिकामं राहिलं की पुन्हा मायनस.

आता 48 आले, माळ्यावर दोन बंद बॉक्स होतेच.

फक्त सणाच्या पॅकिंगमध्ये बॉक्स 24 चा 20 होतो कधीकधी, तेव्हा C बदलू नका, जुना हिशोबही बदलेल, त्या मालाची वेगळी ओळ करा.