व्हायरल क्लिप जुनी आहे का? तपासताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे फाइलच्या नावावर विश्वास ठेवणं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपची फाइल `VID-20240718-WA0012.mp4` अशा नावाने साठते. त्यातली तारीख फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच्या देवघेवीची असते. चित्रीकरण कधी झालं, याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

फाइलमध्येच नोंदलेल्या माहितीचं, म्हणजे मेटाडेटाचंही तेच. एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्याची क्लिप फिरत होती. एका तरुण वार्ताहराने ती मेटाडेटा वाचून दाखवणाऱ्या `exiftool` या प्रोग्रॅममधून काढली, Create Date त्याच सकाळची दिसली आणि लगेच त्याने ‘आजचीच आहे’ असा निर्वाळा दिला. बातमी लागायच्या बेतात होती. मी तीच माहिती पुन्हा वाचली. कॅमेऱ्याचं मॉडेल नाही, लोकेशन नाही आणि चित्राचा आकार आजच्या फोनच्या मानाने फारच लहान. कोणीतरी त्या सकाळी एडिटिंग अ‍ॅपमध्ये क्लिप कापून पुन्हा सेव्ह केली होती आणि तारीख त्या सेव्हची होती. मग एकेक फ्रेम पाहिली तर एका गाडीची नंबरप्लेट HP ने सुरू होत होती. ती फ्रेम शोधात टाकल्यावर दोन वर्षांपूर्वी अपलोड झालेला हिमाचलमधला मूळ व्हिडिओ मिळाला.

म्हणून मेटाडेटात जुनी तारीख दिसली तर तो धागा पकडावा, पण नवी तारीख दिसली तर तिला काडीची किंमत देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि मूळ माहितीही बहुतेक पुसली जाते. ‘मीच काढलाय’ म्हणणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडून तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते. मेटाडेटातला creation_time बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, त्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

आता फ्रेमचा शोध. घाईत असलेले लोक व्हिडिओच्या थंबनेलचा स्क्रीनशॉट काढतात, गुगल लेन्समध्ये टाकतात आणि काही मिळालं नाही की थांबतात. पहिली फ्रेम बहुधा रिकामा रस्ता नाहीतर धूसर गर्दी असते, त्यात शोधायला काही नसतंच. मी `ffmpeg` या प्रोग्रॅमने सेकंदाला दोन फ्रेम काढते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=2 f_%03d.png
```

त्यातून पाटी, इमारत किंवा ठळक हालचाल असलेल्या चार-पाच निवडते आणि वरखाली चिकटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून टाकते. कमांड नको असेल तर `InVID` प्लगइनही फ्रेम काढून देतं. दुकानांवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर चित्र आडवं पलटून शोधा. एका ठिकाणी शोधून समाधान मानू नका, यांडेक्सही पाहा. टिनआयवर निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात.

पण ज्या चुकीचा मला खरा संताप येतो ती वेगळीच. जुना व्हिडिओ सापडला की लोक फक्त तारीख बघतात, तो पूर्ण बघत नाहीत.

मुलं पळवणाऱ्या टोळीची ती क्लिप आठवा. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. २०१८ मध्ये ती ‘आपल्याकडची’ म्हणून देशभर फिरली. मूळ फिल्म २०१६ मधली, कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेली. मुळात ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हरवणाऱ्या मुलांबद्दलचा फलक धरतात. फिरवणाऱ्यांनी तेवढाच शेवट कापला होता. नुसतं ‘जुनी आहे, पाकिस्तानची आहे’ म्हटलं तरी बघणाऱ्याला अपहरण खरंच वाटत राहतं. ते कधी घडलंच नव्हतं, हे मूळ फिल्म शेवटपर्यंत पाहिल्यावरच कळतं. अशाच अफवांच्या काळात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यामुळे ‘अर्धवट तपासलं तर काय बिघडलं’ हे मी ऐकून घेत नाही.

माझी सवय अशी: मूळ व्हिडिओ मिळाला की दोन खिडक्या शेजारी ठेवून एकच क्षण जुळवते, मग व्हायरल क्लिप जिथे संपते तिथून पुढचं बघते. अपलोडचं वर्णन आणि खालच्या जुन्या प्रतिक्रियाही वाचते. यूट्यूबवर शीर्षक नंतर बदलता येतं, अपलोडची तारीख तशीच राहते. पण त्या तारखेवरूनही चित्रीकरण तिच्या आधीचं आहे, एवढंच ठरतं.

आणि काहीच सापडलं नाही तर ‘व्हिडिओ नवा आहे’ असं लिहू नका. ‘जुनी प्रत मिळाली नाही’ एवढंच लिहा आणि त्याच घटनेचं दुसऱ्या कोपऱ्यातून कोणी चित्रीकरण केलंय का, ते शोधायला लागा.